शिवणकामाच्या दुकानाची साईट: वेबसाईट बिल्डरवर स्वतः करावी की डेव्हलपरला द्यावी?

नंदिनी_मालवण

नमस्कार. मालवणच्या बाजारपेठेत माझ्या सासूबाईंचे शिवणकामाचे दुकान आहे. तीन मशिने, एक इंटरलॉक आणि मदतीला दोन बायका, एवढाच आमचा पसारा. ब्लाउज आणि ड्रेस रोजचे असतात, पण गेल्या चार वर्षांत शिवलेल्या नऊवारीचे काम खूप वाढले आहे. गणपतीला आणि मे महिन्यातील लग्नांना गावी आलेले चाकरमानी आमच्याकडून नऊवारी शिवून नेतात आणि नंतर मुंबईहून, ठाण्याहून त्यांच्या ओळखीच्या बायका फोन करतात. त्यांना नमुने कुठे दाखवायचे, माप कसे घ्यायचे आणि साडी कुठे पाठवायची, हे प्रत्येकीला फोनवर नव्याने सांगावे लागते.

म्हणून साईट करायचे ठरवले आहे. एका डेव्हलपरने २८ हजार रुपये आणि त्यानंतर दर वर्षी सहा हजार रुपये सांगितले आहेत. त्यात माप भरण्याचा फॉर्म आणि ऑनलाइन पैसे घेण्याची सोय आहे. दुसरा मार्ग म्हणजे वेबसाईट बिल्डर घेऊन मी स्वतः साईट बनवणे. त्याला महिन्याला अडीचशे-तीनशे रुपये पडतील. मला संगणकाची भीती वाटत नाही, मात्र दुकान आणि घर सांभाळून रात्रीचा तासभरच मिळतो. ज्यांनी असे काही प्रत्यक्ष केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

सड्यावरचा

बिल्डरच घ्या. २८ हजारांत दुकानाला चांगले नवे मशीन येते. हल्ली चौकटीत फोटो ओढून टाकायचे आणि मजकूर लिहायचा, की साईट तयार होते. डेव्हलपरही आतून तेच करतात आणि आपल्याकडून पैसे घेतात.

मंदार_रत्नागिरी

मी गेली अकरा वर्षे रत्नागिरीत लहान व्यवसायांच्या साईट बनवतो. तरीही सुरुवातीलाच सांगतो की तुमच्या दुकानासाठी २८ हजारांचे काम मला दिसत नाही. सड्यावरचा यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. निम्मे अशासाठी, की साईट उभी करणे सोपे झाले असले तरी पुढची पाच वर्षे ती कोणाच्या हातात राहणार, हा प्रश्न बिल्डरने सुटत नाही आणि डेव्हलपरनेही सुटत नाही.

नंदिनीताई, कोणताही मार्ग घेण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा. साईटचे नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या खात्यात नोंदले जाणार? त्या खात्याचा ईमेल आणि ओटीपीचा मोबाईल कोणाचा? आणि गणपतीच्या आठ दिवस आधी ‘आता नवीन काम घेत नाही’ अशी ओळ साईटवर टाकायची झाली, तर ती कोण टाकणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘डेव्हलपरला फोन करून’ असे असेल, तर ते सहा हजार रुपये दर वर्षी कशासाठी जाणार आहेत हे तुमच्या लक्षात येईल.

खाडीकाठ

मंदार यांच्या पहिल्या प्रश्नाबद्दल स्वतःचा अनुभव लिहितो. माझा धंदा शिवणाचा नाही, आमचे घरगुती राहण्या-जेवणाचे ठिकाण आहे. सहा वर्षांपूर्वी एकाकडून साईट करून घेतली. नाव त्यानेच घेतले, स्वतःच्या ईमेलवर, आणि आम्हालाही त्यात काही वावगे वाटले नाही. तीन वर्षे सर्व सुरळीत होते. मग त्याने गाव सोडले आणि नंबर बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या ईमेलवर जात राहिल्या, आम्हाला एकही आली नाही. एके दिवशी एका पाहुण्याने फोन करून विचारले, की तुमच्या साईटवर भलत्याच जाहिराती कशा दिसत आहेत? तोवर नाव दुसऱ्या कोणीतरी घेऊनही टाकले होते. फाट्यावरच्या पाटीवर, कार्डांवर आणि रिक्षाच्या मागच्या फलकावर तेच नाव छापलेले होते. त्या पाटीवर रंग फासताना माझ्या वडिलांचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरू शकत नाही.

मंदार_रत्नागिरी

खाडीकाठ, वाचून वाईट वाटले, आणि हे असे घडलेले मी अनेकदा पाहिले आहे. मुदत संपली म्हणून नाव त्याच दिवशी जात नाही. डॉट कॉम असेल तर नोंदणी करणारी कंपनी बहुधा काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देते. त्यानंतर तीस दिवसांचा काळ असतो, त्यात जादा दंड भरून नाव परत मिळवता येते. मग पाच दिवस ते गोठलेले राहते आणि नंतर कोणालाही घेता येते. म्हणजे तुमच्या हाती महिन्याहून अधिक वेळ होता, फक्त ते सांगणारा ईमेल तुमचा नव्हता.

नंदिनीताईंसाठी याची कसोटी सोपी आहे. नाव तुम्ही स्वतः, तुमच्या खात्यात, दुकानासाठी काढलेल्या वेगळ्या ईमेलवर घ्या. डॉट इन किंवा डॉट कॉमला नूतनीकरणाच्या वर्षी साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च येतो. जाहिरातीत दिसणारा स्वस्त दर बहुतेक वेळा पहिल्याच वर्षापुरता असतो, म्हणून दुसऱ्या वर्षीचा दर विचारून घ्या. शक्य असल्यास तीन वर्षांचे पैसे एकदम भरा. डेव्हलपरने काम केले तरी त्याला फक्त नाव साईटकडे वळवण्यापुरता प्रवेश द्यायचा.

बिल्डर कंपन्या वार्षिक योजनेबरोबर पहिल्या वर्षी नाव फुकट देतात. तेही तुमच्याच नावावर असते, पण बिल्डर सोडायचा झाल्यास ते हलवावे लागते आणि नव्याने घेतलेले डॉट कॉम पहिले साठ दिवस हलवता येत नाही. म्हणून नाव एका कंपनीकडे आणि साईट दुसरीकडे असली तर मला अधिक बरे वाटते.

सड्यावरचा

नाव तरी कशाला घ्यायचे? बिल्डरच्या फुकट योजनेत पत्ता मिळतोच. माझ्या भाच्याने तसेच केले आहे.

मंदार_रत्नागिरी

मिळतो, पण त्या पत्त्यात बिल्डरचे नाव असते, पानावर त्याची जाहिरात असते आणि तो पत्ता घेऊन दुसरीकडे जाता येत नाही. गुगल पूर्वी दुकानांना त्यांच्या प्रोफाइलमधूनच एक फुकट पान देत असे, त्याच्या पत्त्याच्या शेवटी business.site असायचे. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. रत्नागिरीतल्या कितीतरी दुकानांनी तो पत्ता पिशव्यांवर छापला होता. जो पत्ता छापायचा, तो स्वतःचा असावा.

शुभांगी_चिपळूण

मी थोडे वेगळे सुचवते. तयार कपडे विकण्याच्या मोठ्या संकेतस्थळांवर दुकान नोंदवले तर साईटचा खर्चच वाचेल. माझी बहीण कुर्ते तसेच विकते. ग्राहक त्यांचा, पैशांची व्यवस्था त्यांची, आणि घरून माल उचलून नेण्यासाठी माणूस येतो.

नंदिनी_मालवण

शुभांगीताई, तयार मालासाठी ते योग्य असेल, पण आमच्याकडे तयार माल नसतोच. साडी ग्राहकाची, माप ग्राहकाचे, आणि ब्राह्मणी हवी की पेशवाई हेही तिनेच ठरवायचे. आम्ही विकतो ती फक्त शिलाई. त्यामुळेच तो माप भरण्याचा फॉर्म मला महत्त्वाचा वाटला होता.

कात्रीवाले_आबा

मी वेंगुर्ल्यात चाळीस वर्षे शिवणकाम केले, आता डोळ्यांमुळे थांबलो आहे. साईटमधले मला काही कळत नाही, नातीने हा धागा वाचून दाखवला आणि तीच लिहून देत आहे. मापाविषयी मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही.

ग्राहकाने घरी घेतलेल्या मापावर मी कधीही कापड कापले नाही. कारण सांगतो. ब्लाउज सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावला तर अठरा इंच भरतात आणि अंगाभोवती टेप फिरवला तर साधारण पस्तीस भरतात. एक बाई छातीसमोर अठरा लिहिते आणि दुसरी पस्तीस लिहिते. अठरावाली चूक निदान कळते. पण पसरलेल्या ब्लाउजचे अठराचे दुप्पट करून जी छत्तीस लिहिते, तिची चूक कळत नाही. ते शिवलेल्या ब्लाउजचे माप आहे, त्यात सैलपणा आधीच धरलेला आहे. शिंपी ते अंगाचे समजून पुन्हा सैल सोडतो आणि ब्लाउज मुंढ्यात लोंबतो. नऊवारीत हीच गत उंचीची होते. कमरेपासून घोट्यापर्यंतचे माप बाई नाडी कुठे बांधते त्यावर ठरते. एक बेंबीवर बांधते आणि एक चार बोटे खाली. फॉर्ममध्ये नुसते ‘उंची’ लिहिले तर काष्टा आखूड झालाच म्हणून समजा, आणि तो सोडून लांब करता येत नाही.

नंदिनी_मालवण

आबा, नमस्कार करते. तुमचे लिहिणे मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. त्या मशीनवरून उठल्या आणि म्हणाल्या, “फॉर्म कोण भरतलो? जुनो ब्लाउज धाडूक सांग.” गेल्या मे महिन्यात ठाण्याच्या दोन नऊवारी उंचीच्या चुकीने परत आल्या होत्या. साडी आम्हाला भरून द्यावी लागली नाही, पण दोन्ही बायका पुन्हा आल्या नाहीत, याची खंत सासूबाईंच्या मनात अजून आहे.

मंदार_रत्नागिरी

आबांनी साईटचा अर्धा आराखडा करून दिला आहे. ज्या फॉर्मसाठी डेव्हलपर कदाचित दहा-बारा हजार लावत असेल, तो फॉर्म तुमच्या कामात नको आहे. त्याच्या जागी एक पान असावे: ‘माप कसे पाठवावे’. अंगाला नीट बसणारा एक ब्लाउज साडीबरोबर पाठवा, आणि नऊवारीसाठी जिथे नाडी बांधता तिथे दोरी बांधून, अनवाणी उभे राहून, दोरीपासून घोट्यापर्यंत दुसऱ्या कोणाकडून माप घ्या. सासूबाईंचा हात टेप धरलेला, असे चार फोटो त्या पानावर हवेत. हे पान जगातला कोणताही डेव्हलपर लिहू शकणार नाही, ते तुम्हालाच लिहावे लागेल, आणि लिहून झाले की ते बिल्डरवर चढवणे हे एका रात्रीचे काम आहे.

पुढचे बोलणे व्हॉट्सॲपवर होऊ द्या. पानाखाली एक बटण ठेवा आणि त्याला असा दुवा द्या:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=नऊवारी%20शिवायची%20आहे
```

९१ नंतर दहा आकडी नंबर सलग लिहायचा. आधी शून्य किंवा अधिकचे चिन्ह लावले, किंवा मध्ये रेघ दिली, तर दुवा चालत नाही. बटण दाबताच ग्राहकाच्या फोनवर हे वाक्य आयते लिहिलेले येते, म्हणजे कोण कशासाठी आले ते तुम्हाला पहिल्याच ओळीत कळते.

प्राची_दापोली

मी गुगल फॉर्म सुचवणार होते, तो फुकट आहे. पण माझ्या केकच्या कामात एक अडचण आली, ती सांगते. फॉर्ममध्ये फोटो जोडायची सोय ठेवली की भरणाऱ्याला गुगलच्या खात्यात शिरावे लागते. बऱ्याच बायका तिथेच थांबल्या आणि शेवटी फोटो व्हॉट्सॲपवरच आले. त्यामुळे मंदारदादांचे म्हणणे मला पटते.

सड्यावरचा

एक सूचना माझीही. गुगलच्या नकाशावर दुकान टाकताना नावातच ‘बेस्ट लेडीज टेलर मालवण नऊवारी’ असे लिहा. शोधणाऱ्याला लगेच वर दिसेल.

मंदार_रत्नागिरी

कृपया तसे करू नका. नकाशावर दुकान असणे हे साईटपेक्षाही आधी करायचे काम आहे, एवढे तुमचे बरोबर आहे. मालवणातल्या मालवणात शोधणारी बाई बहुतेक वेळा नकाशाच पाहते, साईट उघडतही नाही. पण पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलमध्ये असावे असा गुगलचा नियम आहे, आणि नावात जाहिरात भरल्यास कोणीही तक्रार केली तरी प्रोफाइल स्थगित होऊ शकते. ‘लेडीज टेलर’ हे प्रकारात, नऊवारीचा उल्लेख सेवांमध्ये. पडताळणीसाठी आता बरेचदा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, पाटी आणि आतली मशिने एका सलग चित्रणात दिसली पाहिजेत, म्हणून पाटी आधी लावून घ्या. आणि हे प्रोफाइल सासूबाईंच्या किंवा तुमच्या खात्यावरच असू द्या, मदत करणाऱ्याला व्यवस्थापक म्हणून जोडता येते.

आंबोळी

मी बिल्डरविरुद्ध बोलते, कारण इथे सगळा कल तिकडे झुकला आहे. मी एका बिल्डरवर भरतकामाची साईट केली होती, दोनशेहून अधिक फोटो आणि प्रत्येकाखाली मजकूर. तिसऱ्या वर्षी योजनेचा दर वाढला. सोडावे म्हटले, तर साईट बाहेर काढायची सोयच नव्हती. सगळा मजकूर एकेक पान उघडून उतरवून घ्यावा लागला, त्यात माझे पंधरा दिवस गेले. डेव्हलपरने वर्डप्रेस या साईट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर करून दिली असती तर हे झाले नसते.

मंदार_रत्नागिरी

आंबोळीताईंची तक्रार खरी आहे, आणि या मुद्द्यावर डेव्हलपरचा मार्ग वरचढ ठरतो, हे मान्य केले पाहिजे. वर्डप्रेसमधून मजकुराची फाईल काढून दुसरीकडे भरता येते. मात्र त्या फाईलमध्ये फोटो नसतात, केवळ त्यांचे पत्ते असतात, म्हणून जुनी साईट चालू असतानाच नवी भरून घ्यावी लागते. दुसरी बाजू अशी, की स्वतःच्या होस्टिंगवरच्या, म्हणजे आपण भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या, वर्डप्रेसला सतत अद्ययावत करावे लागते. सहा महिने कोणी पाहिले नाही तर ती साईट बिघडलेली किंवा कोणीतरी आत शिरलेले असण्याची शक्यता वाढते. नंदिनीताईंची चार-पाच पाने आणि तीसेक फोटो आहेत. मूळ फोटो आणि मजकूर स्वतःच्या संगणकावर जपून ठेवले, तर हलवायला एक रविवार पुरेल. दोनशे फोटो असते तर मी वेगळा सल्ला दिला असता.

आंबोळी

दुकान वाढेल, तीसचे दोनशे फोटो व्हायला तीन वर्षे पुरतात. माझे मत तेच राहील, पण मूळ प्रती जपण्याचे मी तेव्हा केले असते तर त्रास निम्मा झाला असता, हे खरे.

खाडीकाठ

मराठीत लिहायचे की इंग्रजीत? आमच्या पहिल्या साईटवर मराठीच्या जागी चौकोन आणि भलतीच अक्षरे दिसत असत.

मंदार_रत्नागिरी

ती अक्षरे बहुधा छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधून उचललेली असणार. पत्रिका आणि फलक करणारे अजून त्या फॉन्टमध्ये काम करतात. तो मजकूर जसाच्या तसा साईटवर चिकटवला तर कचरा दिसतो, म्हणून फोनच्या मराठी कळफलकावरून युनिकोडमध्ये पुन्हा लिहावा लागतो. फलकाचे चित्रच साईटवर लावणे हा उपाय नव्हे, कारण मोबाईलवर ती अक्षरे मुंगीएवढी होतात. बिल्डरमध्ये फॉन्ट निवडताना ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ या नावाचा घ्या, आणि ‘काष्टा’, ‘मुंढ्यात’, ‘नऊवारी’ हे शब्द लिहून पाहा. जोडाक्षरे नीट आली तर पुढे जा.

भाषेबद्दल माझे मत मराठीच्या बाजूने आहे, परंतु मुंबईतल्या तरुण मुली बरेचदा इंग्रजी अक्षरांत शोधतात, आणि दोन्ही भाषांची पाने सांभाळणे तुमच्या एका तासात बसेल का, हे मला सांगता येत नाही.

नंदिनी_मालवण

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांत काय केले ते कळवते.

डेव्हलपरला नाही म्हटले, पण त्याआधी त्याला विचारले की डोमेन कोणाच्या नावावर घेणार? “आमच्याच खात्यात, सगळ्यांचे तसेच असते,” असे उत्तर आले. नाव मी स्वतः तीन वर्षांसाठी घेतले. ईमेल दुकानाचा, मोबाईल सासूबाईंचा, कारण त्यांचा नंबर सोळा वर्षांत बदललेला नाही. बिल्डरची वर्षाची योजना घेतली. नकाशासाठी व्हिडिओ पाठवला आहे, उत्तर आलेले नाही.

साईट पहिल्या रात्रीच उभी राहिली, तरी दुसऱ्या दिवशी देवबागच्या नणंदेच्या फोनवर ती उघडेना. पांढरे पान आणि फिरणारे चाक. फोनमधले फोटो मी जसेच्या तसे चढवले होते, एकेक चार एमबीचा, आणि पहिल्याच पानावर असे बावीस होते. रुंदी बाराशे पिक्सेल करून पुन्हा चढवले, तेव्हा एकेक दीड-दोनशे केबीचा झाला. पहिल्या पानावर सहाच ठेवले. आता पावसात रेंज गेली-आली तरी नणंदेकडे पान उघडते.

मापाच्या पानासाठी सासूबाईंनी स्वतः दोरी बांधून दाखवली. फोटोत त्यांच्या बोटातला अंगुस्तान दिसतो आहे. त्यांना तो काढायचा होता, पण मी काढू दिला नाही.

एक प्रश्न राहिला आहे. ठाण्याच्या एका ताईंनी त्या बटणावरून पहिली चौकशी केली आणि विचारले की शिलाईचे पैसे आधी द्यायचे की नंतर? सासूबाई साडी हातात आल्याशिवाय पैसे घ्यायला तयार नाहीत आणि मला निम्मे आगाऊ घ्यावेत असे वाटते. साईटवर यातले काय लिहावे?

कात्रीवाले_आबा

साडी आली, उघडून पाहिली, फाटकी-डागाळलेली नाही हे बाईला फोटोसह कळवले, की मग निम्मे घ्यावेत. साडी पाहण्याआधी घेतलेला पैसा परत करायची वेळ आली तर वाईटपणा आपल्याकडे येतो.

प्राची_दापोली

मी निम्मे आधीच घेते आणि घ्यावेतच असे म्हणेन, कारण ऑर्डर देऊन गप्प बसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पण केकचे सामान माझे असते. इथे साडीच त्यांची तुमच्याकडे आहे, त्यामुळे आबांचे बरोबर असू शकेल.

मंदार_रत्नागिरी

दोन्हींपैकी काहीही ठरवा, पण पैसे घेण्याची यंत्रणा साईटवर आत्ता बसवू नका. तुमच्याकडे महिन्याला पंधरा-वीस बाहेरगावच्या ऑर्डरी असतील, त्यांना व्हॉट्सॲपवर यूपीआयचा क्यूआर पाठवणे पुरेसे आहे. आणि ताई, नूतनीकरणाची तारीख दुकानातल्या दिनदर्शिकेवरही लिहा. तीन वर्षांनी ती कोणत्या महिन्यात येते?

नंदिनी_मालवण

जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, म्हणजे गणवेशांच्या ऐन गर्दीत. सासूबाईंनी मापांच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवली आहे.